वीस पाकळ्या लसूण म्हणजे नेमके किती चमचे? आलं, लसूण, वाटण आणि पावडर यांचा हिशेब

सातारा-सांगलीकडे एक किलो मटणाची कृती सांगताना बहुतेक घरांत प्रमाण असं सांगतात: लसणाच्या वीस पाकळ्या आणि इंचभर आलं. सांगणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर असतो गावरान लसूण, बारीक पाकळीचा, लालसर सालीचा. ऐकणारी सून किंवा पुण्यात खोली घेऊन राहिलेला मुलगा मॉलमधून पांढरा, जाड पाकळ्यांचा लसूण आणतो आणि वीस पाकळ्या मोजून सोलतो. गावरान लसणाची सोललेली पाकळी सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते आणि जाड पाकळी पाच ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे एकीकडे पंचवीस ग्रॅम लसूण आणि दुसरीकडे शंभर. रस्सा उग्र झाला की दोष मसाल्याला दिला जातो, पण चूक झालेली असते पाकळी मोजण्यात.

म्हणून कुठलीही अदलाबदल करण्याआधी कृतीतल्या पाकळ्या आणि इंच ग्रॅममध्ये आणायचे. एकदा ग्रॅम हाती आले, की वाटण, तयार पेस्ट, पावडर या सगळ्यांचे चमचे त्यावरून काढता येतात.

पाकळी आणि इंच

लसूण सोलल्यावर तोलायचा, सालीसकट नाही. घरी ग्रॅमचा काटा नसेल तर दहा पाकळ्या सोला आणि वाणी किंवा भाजीवाला यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा ठेवून बघा. आलेल्या वजनाला दहाने भागलं की तुमच्या घरी येणाऱ्या लसणाची पाकळी कळली. ढोबळ हिशेब असा धरता येतो: गावरान बारीक पाकळी सव्वा ग्रॅम, मध्यम पाकळी तीन ग्रॅम, जाड पाकळी पाच ग्रॅम. गड्ड्याच्या मध्याशी असलेल्या पाकळ्या बाहेरच्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून एकच पाकळी तोलून हिशेब करू नये.

आल्याचा इंच त्याहून फसवा, कारण इंच ही फक्त लांबी झाली. अंगठ्याएवढं जाड आलं घेतलं तर एक इंचाचा सोललेला तुकडा साधारण दहा ग्रॅम भरतो. करंगळीएवढ्या बारीक बोटाचा इंच चार-पाच ग्रॅमच देतो, आणि गड्ड्याच्या जाड भागाचा इंच पंधरा ग्रॅमच्या पुढे जातो. कृतीत नुसतं ‘एक इंच आलं’ लिहिलं असेल तर अंगठ्याची जाडी गृहीत धरा, म्हणजे दहा ग्रॅम.

आल्याचं वयही बघावं लागतं. सातारा, कोरेगाव भागात आल्याची लागण अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू होते. लवकर काढलेलं नवं आलं पातळ सालीचं आणि रसाळ असतं, नखाने खरवडलं तरी साल निघते. त्यात पाणी जास्त आणि धागा कमी. जमिनीत पुरतं पिकलेलं जुनं आलं जाड सालीचं, मोडताना धागे दिसणारं आणि चवीला जास्त झणझणीत असतं. नवं आलं वापरत असाल तर सांगितलेल्या मापापेक्षा पाव भाग जास्त घ्या. जुनं आलं वाटताना आधी धाग्याला आडव्या पातळ चकत्या करा. नाहीतर वाटणात केसासारखे धागे राहतात, चमचा वर उचलला की ते लोंबतात आणि चमच्यात माप कमी बसतं.

चमचा कुठला?

घरातला चहाचा चमचा प्रत्येक संचात वेगळा असतो. काहींत तीन मिली मावतं, काहींत सहा. कृतींमध्ये लहान चमचा म्हणजे पाच मिली आणि मोठा चमचा म्हणजे पंधरा मिली धरतात. लहान मुलांच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या, पाच मिली पाणी भरा आणि ते आपल्या चहाच्या चमच्यात ओता. पाणी सांडलं तर चमचा लहान आहे, काठापर्यंत आलं नाही तर मोठा. पोहे खायच्या चमच्याचंही असंच करा. तो मोठा चमचा समजून वापरला जातो, पण त्यात पंधरा मिली क्वचितच मावतं.

पुढे जिथे चमचा म्हटलं आहे तिथे पाच मिलीचा, सपाट केलेला चमचा धरा. वाटण चिकट असल्यामुळे चमच्यावर ढीग उभा राहतो. शिगोशीग भरलेल्या चमच्यात सपाट चमच्याच्या जवळपास दुप्पट वाटण बसतं, तेव्हा सुरीच्या पाठीने वरचं कापून टाकायची सवय ठेवा.

घरच्या वाटणाचं माप

लसूण किंवा आलं पाणी न घालता वाटलं तर एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम बसतं. म्हणजे लसणाच्या वाटणाचा एक चमचा हा गावरान चार पाकळ्या, मध्यम दीड-पावणेदोन पाकळ्या किंवा जाड एक पाकळी यांच्या बरोबर. आल्याचा अंगठाभर जाड इंच म्हणजे वाटणाचे दोन चमचे. चिरलेल्या लसणाचा हिशेब वेगळा आहे, कारण तुकड्यांच्या मधे हवा राहते. बारीक चिरलेल्या लसणाच्या एका चमच्यात तीन ग्रॅमच बसतात, म्हणजे एक मध्यम पाकळी. किसलेल्या आल्याच्या एका चमच्यात साधारण दोन ग्रॅम. कृतीत ‘एक चमचा चिरलेला लसूण’ असेल आणि तुम्ही एक चमचा वाटण घातलं, तर जवळजवळ पावणेदोन पट लसूण पडला.

मिक्सरमध्ये वाटताना बहुतेक जण पाणी घालतात. शंभर ग्रॅम लसूण-आल्याला दोन मोठे चमचे पाणी घातलं, तर प्रत्येक चमच्यात खरा माल चार ग्रॅमच उरतो आणि चारऐवजी पाच चमचे घ्यावे लागतात. पाण्याऐवजी चिमूटभर मीठ घालून वाटलं तर लसूण स्वतःचं पाणी सोडतो आणि मिक्सर फिरायला लागतो. थोडं तेलही चालतं, पण असं वाटण बाहेर ठेवायचं नाही. कच्चा लसूण तेलात बुडाला की त्याला हवा लागत नाही, आणि अशा जागी खोलीच्या तापमानाला बॉट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. वास किंवा चव बघून ते ओळखता येत नाही. वाटण तेलाचं असो की मिठाचं, फ्रीजमध्येच ठेवावं. तेलाचं चार दिवसांत संपवावं, मिठाचं आठवड्याच्या आत. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ट्रेचा एक खण किती मिलीचा आहे ते पाण्याने एकदा मोजून ठेवा. पंधरा मिलीचा खण म्हणजे तीन चमचे, आणि मग मापाला चमचाही लागत नाही.

तयार पेस्ट

पाकिटातल्या पेस्टमध्ये आलं-लसणाशिवाय मीठ, आंबटपणासाठी आम्ल आणि बहुतेक वेळा पाणी असतं. पाकिटाच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेव्हा आधी कुठलं नाव आहे ते बघा. लसूण पहिला असेल तर लसूण जास्त. आलं पहिलं असेल किंवा पाणी वरच्या जागी असेल, तर माप त्यानुसार बदलावं लागेल. बऱ्याच पेस्टमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे असतात. अशा पेस्टच्या एका चमच्यात सुमारे दोन ग्रॅम लसूण, दोन ग्रॅम आलं आणि उरलेलं इतर काही, असं धरून चाललं तर मोठी चूक होत नाही.

आपल्या भागातल्या मटणात मात्र लसूण आल्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. म्हणून पेस्टने लसणाचं माप पुरं करायला गेलं की आलं जास्त होतं आणि रस्सा घशाशी लागतो. पेस्ट आल्याच्या मापाने घ्यायची आणि कमी पडणारा लसूण वरून ताजा टाकायचा, हा त्यावरचा सरळ उपाय.

मिठाचाही हिशेब पाकिटावरच असतो. पोषणाच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा तिथे २००० मिलिग्रॅम आहे, तर शंभर ग्रॅम पेस्टमध्ये पाच ग्रॅम मीठ झालं. पाच चमचे पेस्ट घातली की त्यातून सव्वा ग्रॅम मीठ आलं, म्हणजे पाव चमच्याला थोडं कमी. तेवढं मीठ वरून कमी घालायचं.

लसणाची पावडर आणि सुंठ

इथे नुसत्या वजनाचा हिशेब पुरत नाही. लसणात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ओल्या आल्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास. वाळल्यावरच्या वजनावरून काढलं तर मध्यम पाकळीला एक तृतीयांश चमच्याहून थोडी जास्त लसूण पावडर आणि इंचभर आल्याला एक चमचा सुंठ बसते. प्रत्यक्षात एवढी घातली तर पदार्थ उग्र होतो. पावडर रश्श्यात सगळीकडे सारखी पसरते आणि प्रत्येक घासात लागते. सुंठीचं कारण आणखी वेगळं आहे. ओल्या आल्याचा झणका जिंजेरॉल या घटकामुळे असतो. आलं वाळताना त्यातल्या काहीचं शोगाओल होतं, आणि ते जिंजेरॉलच्या दुपटीहून जास्त तिखट असतं. सोबत ओल्या आल्याचा लिंबासारखा ताजा वास मात्र कमी होतो. म्हणूनच सुंठ पोटात उष्ण लागते, पण तिच्याने आल्याचा सुवास येत नाही.

शिजवायच्या पदार्थात हे माप धरा:

मध्यम एक पाकळी (तीन ग्रॅम) = पाव चमचा लसूण पावडर
गावरान पाच पाकळ्या (सहा ग्रॅम) = अर्धा चमचा लसूण पावडर
अंगठाभर जाड एक इंच आलं (दहा ग्रॅम) = पाव ते अर्धा चमचा सुंठ

दह्यात, कोशिंबिरीत किंवा शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीत पावडर न शिजता पडते, तेव्हा लसूण पावडर याच्या निम्मी घ्या. लसणाचं मीठ म्हणून मिळतं ते पावडर नव्हे. त्यात मिठाचा वाटा बराच मोठा असतो, त्याला हे माप लावू नका.

लसूण पावडर थेट कढत तेलात टाकू नका. कच्चा लसूण ठेचल्यावर जो उग्र वास येतो तो आधी नसतो. पाकळीतले दोन घटक ठेचल्यावर एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. चांगल्या प्रतीच्या पावडरीतही ही क्रिया थांबून राहिलेली असते आणि पाणी मिळालं की पुढे चालते. म्हणून पावडर तेवढ्याच साध्या पाण्यात कालवून पाच-सात मिनिटं ठेवा, मग वापरा. पाणी उकळतं नको आणि त्यात लिंबू किंवा व्हिनेगरही नको, कारण दोन्हींमुळे ही क्रिया बंद पडते. कालवलेली पावडर आधी वास येत नाही अशी वाटते आणि पाच मिनिटांनी भांड्यावर तोंड नेलं की लसूण कळतो. तरीही कळला नाही, तर पावडर जुनी आहे. ती चमच्याने वाढवून उपयोग होत नाही, कडवटपणा तेवढा वाढतो.

एक किलो मटणाचा हिशेब

कृती अशी आहे: मटण एक किलो, गावरान लसणाच्या वीस पाकळ्या, अंगठाभर जाड एक इंच आलं. निम्मं वाटण हळद-मिठाबरोबर मटणाला चोळायचं आणि निम्मं कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतायचं. वीस पाकळ्या म्हणजे पंचवीस ग्रॅम लसूण, आलं दहा ग्रॅम. एकूण पस्तीस ग्रॅम.

घरचं, पाणी न घातलेलं वाटण असेल तर सात सपाट चमचे. त्यात पाच लसणाचे आणि दोन आल्याचे. साडेतीन चमचे मटणाला, साडेतीन परतायला.

जाड पाकळीचा लसूण असेल तर पाच पाकळ्या.

तयार पेस्ट निम्म्या-निम्म्या प्रमाणाची असेल तर आल्याकडून मोजायला लागायचं. दहा ग्रॅम आल्यासाठी पाच चमचे पेस्ट, त्यात लसूणही दहा ग्रॅम आला. अजून पंधरा ग्रॅम हवा, म्हणजे गावरान बारा किंवा जाड तीन पाकळ्या ठेचून टाका. ताजा लसूण परतण्याच्या वाट्यात घाला, कारण पेस्टचा कमी पडणारा वास तिथूनच भरून येतो. मीठ वर सांगितल्याप्रमाणे पाव चमच्याभर कमी.

दोन्ही पावडरी वापरायच्या असतील तर पंचवीस ग्रॅम लसणाला दोन चमचे लसूण पावडर आणि दहा ग्रॅम आल्याला अर्ध्या चमच्याहून जरा कमी सुंठ. पस्तीस ग्रॅम ताज्या मालात पाव कपाहून कमी, सुमारे तेवीस-चोवीस मिली पाणी होतं, ते आता गेलं. म्हणून दीड ते दोन मोठे चमचे साधं पाणी घेऊन दोन्ही पावडरी त्यात कालवा, सात मिनिटं ठेवा आणि मग दोन वाटे करा. पहिला वाटा मटणाला चोळा. दुसरा वाटा कांदा तांबूस झाल्यावर, खोबऱ्याचं वाटण घालायच्या अगदी आधी कढईत टाका. ताजं वाटण मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं परतावं लागतं. कच्चा, नाकाला झोंबणारा वास जाऊन कडेला तेल दिसलं की ते झालं. कालवलेल्या पावडरीला अर्धा मिनिट पुरतो. तिचा रंग सोनेरी व्हायची वाट बघत बसलात तर ती करपते, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा रश्श्यात कितीही पाणी वाढवलं तरी जात नाही. असं झालं तर कांदा टाकून देऊन परत सुरुवात करणंच स्वस्त पडतं, मटण अजून कढईत गेलेलं नसतं.

पावडरीने रश्श्याला अंगही येत नाही. वाटणातला लसूण विरघळून रस्सा जरा दाट करतो. ती कसर भरायला अर्धा कांदा जास्त परता किंवा एक मोठा चमचा भाजलेलं सुकं खोबरं वाटणात वाढवा.

यात कांदा-लसूण मसाला, म्हणजे घरची चटणी, पडणारच. तिच्यातही लसूण असतो, मग वाटणातला कमी करायचा का, हा प्रश्न रास्त आहे. समजा घरची चटणी किलोभर मिरचीला पाव किलो लसूण घालून केली आहे आणि कांदा, खोबरं, मसाले धरून तयार चटणी पावणेदोन-दोन किलो झाली आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण आठ ग्रॅम चटणी येते, त्यात एक ग्रॅमभर लसूण. तीन मोठे चमचे चटणी म्हणजे तीनेक गावरान पाकळ्या. किलोभर मटणात तेवढ्याने काही बिघडत नाही, आणि चटणीतला लसूण तळून-वाळून मवाळ झालेला असतो. पण दोन माणसांच्या पिठल्यात किंवा वांग्याच्या भाजीत एक मोठा चमचा चटणी घालत असाल, तर फोडणीतली एक गावरान पाकळी खुशाल कमी करा.

जिथे पावडर चालत नाही

मटण चोळून ठेवायला ओलं आलं घालण्यामागे चवीशिवाय आणखी एक काम असतं. ओल्या आल्यात मांसाचे धागे सैल करणारं एक विकर असतं. सुंठीकडून ती अपेक्षा ठेवू नका, आणि गरम करून पाकीटबंद केलेल्या पेस्टकडूनही नको. बोकड निबर असेल आणि घरात फक्त सुंठ असेल, तर मटणाला दोन मोठे चमचे दही चोळून तासभर ठेवा आणि कुकरला एखादी शिट्टी जास्त धरा. उलट ओलं आलं चोळून मटण रात्रभर ठेवू नका, बाहेरचा थर लगदा होतो. अर्धा-पाऊण तास पुष्कळ.

याच विकरामुळे चहा फाटतो. दूध घातलेल्या चहात कच्चं आलं किसलं आणि उकळी यायला वेळ लागला, की दुधात बारीक कण्या दिसायला लागतात. आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं की विकर निकामी होतं, मग दूध घाला. सुंठीने ही अडचण येत नाही. एका कप चहाला नखाएवढा आल्याचा तुकडा किंवा सुंठीची एक चिमूट, म्हणजे चमच्याचा आठवा भाग, बरोबर होते.

खर्डा आणि लसणाच्या ओल्या चटणीत पावडर घालू नका. तिथे ठेचलेल्या पाकळीचा रस आणि तुकडा दोन्ही खायचे असतात. भडंगाच्या फोडणीतही तेच. सांगलीच्या भडंगात कुरकुरीत तळलेला लसूण दाताखाली यावा लागतो, आणि पावडर टाकली तर ती तेलात करपून तळाशी काळी बसते.

वाटणाचा रंग हिरवा-निळसर झाला तर घाबरू नका. लसणात लिंबू किंवा व्हिनेगर पडलं, किंवा लसूण थंडीत साठवलेला असला, की असं होतं. खायला तो अपायकारक नसतो, फक्त पांढऱ्या रश्श्यात रंग उठून दिसतो. त्यासाठी पांढऱ्या रश्श्याचं वाटण आंबट न घालता ताजं वाटा. मात्र बुरशीचे केसाळ ठिपके दिसले किंवा झाकण उघडताना वाटण फसफसलं, तर ते सगळं टाकून द्या, वरचा थर काढून खालचं वापरू नका.

पावडरीच्या डबीत गुठळ्या होतात त्या बहुतेक वेळा कढईच्या वाफेने. डबी कढईवर तिरकी करून पावडर भुरभुरवली, की वाफ आत जाते, आणि पावसाळ्यात चार दिवसांत दगड होतो. गुठळी झालेली पावडर चमच्यात दाबली जाते आणि सपाट चमच्यातही दीडपट माल बसतो. आधी कोरड्या वाटीत काढा, गुठळ्या बोटाने मोडा आणि मग मोजा.